ट्रॅक्शन बॅटरी आणि इन्व्हर्टर बॅटरी: ड्युटी सायकल मांडून फरक ओळखायचा कसा

फोर्कलिफ्टमधली ४८ व्होल्ट, ६२५ अँपिअर-अवर म्हणजे एएचची ट्रॅक्शन बॅटरी थकली की कुणीतरी हमखास एक हिशेब मांडतं. घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्या १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटऱ्या घ्यायच्या. चार सिरीजमध्ये जोडल्या की ४८ व्होल्ट झाले. अशा चार ओळी पॅरलल केल्या की ६०० एएच. एकूण सोळा बॅटऱ्या, व्होल्टेज तेच आणि एएचही जवळपास तेवढेच. त्यात इन्व्हर्टर बॅटरीवर ‘ट्यूब्युलर’ असं ठळक छापलेलं असतं आणि ट्रॅक्शन सेलसुद्धा ट्यूब्युलरच असतो. मग अडलं कुठे?

हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो आणि गाडीत फसतो. का फसतो ते पायरीपायरीने पाहिलं की दोन्ही बॅटऱ्यांतला खरा फरक आपोआप उलगडतो. रसायन दोन्हींत एकच आहे: शिसे, शिशाचा डायऑक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड. वेगळं आहे ते रोजचं काम, आणि बॅटरीच्या आतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या कामावरून ठरलेली असते.

पहिली पायरी: बॅटरी बाजूला ठेवा, काम लिहून काढा

ड्युटी सायकल म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं. करंट किती आणि किती वेळ लागतो? एका वेळी बॅटरी किती खोल रिकामी होते? वर्षातून किती वेळा असं होतं? आणि पुन्हा भरायला वेळ किती मिळतो? ही चार उत्तरं हातात नसताना लेबल वाचण्यात अर्थ नाही.

आपली फोर्कलिफ्ट घेऊ. समजा आठ तासांच्या शिफ्टमध्ये ती प्रत्यक्षात साडेसहा तास चालते आणि त्या वेळात सरासरी ६५ अँपिअर ओढते. माल उचलताना काही सेकंदांसाठी करंट ३०० अँपिअरपर्यंत जातो, पण सरासरीत तो धरलेला आहे. म्हणजे रोज साधारण ४२० एएच बाहेर पडतात. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर ३०० खोल डिस्चार्ज होतात, आणि प्रत्येकानंतर बॅटरी रातोरात पूर्ण भरायची असते.

आता घर. समजा ४०० वॉटचा लोड आहे आणि दोन तास वीज नाही. इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ४० अँपिअर जातात, म्हणजे दोन तासांत ८० एएच. असं वर्षातून शंभर वेळा झालं असं धरू. उरलेला सगळा काळ बॅटरी फ्लोटवर, म्हणजे ती भरलेली राहावी इतक्याच हलक्या चार्जवर, बसून असते.

दोन्ही कामं बॅटरीच्या क्षमतेच्या पटीत मांडली की चित्र स्पष्ट होतं. १५० एएचच्या घरगुती बॅटरीतून वर्षाला ८,००० एएच जातात, म्हणजे तिच्या क्षमतेच्या ५३ पट. ६२५ एएचच्या ट्रॅक्शन बॅटरीतून १,२६,००० एएच जातात, म्हणजे २०० पट. एक बॅटरी बहुतेक वेळ वाट पाहते आणि दुसरी रोज राबते. वाट पाहणारीला फ्लोटवरचा गंज संपवतो, तर राबणारीला प्लेटमधल्या मालाची, म्हणजे वीज साठवणाऱ्या शिशाच्या संयुगांची, झीज. मृत्यूची कारणं वेगळी असल्यामुळेच त्यांची बांधणी वेगळी आहे.

दुसरी पायरी: एएचचा आकडा कोणत्या तासांचा ते पाहा

लेड-ॲसिड बॅटरी हळू रिकामी केली तर जास्त एएच देते, जोरात रिकामी केली तर कमी. म्हणून एएचच्या आकड्यापुढे ‘किती तासांत’ हे लिहिलेलं असलंच पाहिजे. ट्रॅक्शन सेलचा आकडा बहुतेक ठिकाणी सी-५ असतो, म्हणजे पाच तासांत रिकामा करून मोजलेला. घरगुती बॅटरीचा आकडा सी-२० किंवा सी-१० असतो. हे आकडे मुद्दाम फसवण्यासाठी नाहीत. शिफ्टचं काम पाच-सहा तासांचं असतं, घरचा हलका लोड लांबत जातो, म्हणून तशी मोजपट्टी ठरली.

पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की घोटाळा होतो. सी-२०वर ६०० एएच देणारी बँक पाच तासांत रिकामी केली तर सुमारे ४८० एएच देते. म्हणजे आपल्या सोळा बॅटऱ्यांची खरी तुलना ६२५ विरुद्ध ४८० अशी आहे. रोजची गरज ४२० एएच. ट्रॅक्शन बॅटरी त्यासाठी ६७ टक्के रिकामी होते, इन्व्हर्टर बँक मात्र पहिल्याच दिवशी ८७ टक्क्यांच्या वर.

मुळात ६२५ हा आकडा कसा येतो तेही पाहू, कारण निवडीची पद्धत त्यातच आहे. ट्रॅक्शन बॅटरी रोज ८० टक्क्यांपेक्षा खोल उतरवायची नाही हा या क्षेत्रातला पक्का नियम. म्हणून ४२० भागिले ०.८, म्हणजे ५२५ एएच. त्यावर वय वाढल्यावर होणारी घट धरून १५ ते २० टक्के जास्त घ्यायचे. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरीचं आयुष्य संपलं असं धरतात. ६२५ ची बॅटरी तेव्हा ५०० एएच देत असते, आणि तेव्हाही ४२० ची शिफ्ट कशीबशी निघते. चांगला ट्रॅक्शन सेल ८० टक्के खोलीचे सुमारे १,५०० सायकल देतो, म्हणजे वर्षाला ३०० च्या दराने पाच वर्षं.

इन्व्हर्टर बॅटरीच्या लेबलवर बहुतेक वेळा वॉरंटीचे महिने असतात, सायकलचा आकडा नसतो. महिने हे फ्लोटवर बसून राहण्याच्या कामासाठी दिलेले आहेत. त्यावरून रोजच्या खोल डिस्चार्जबद्दल काहीच सांगता येत नाही. सायकलचा आकडा दिलाच असेल तर तो किती खोलीचा आहे ते शेजारी लिहिलेलं आहे का, हे तपासा. ३० टक्के खोलीचे सायकल आणि ८० टक्के खोलीचे सायकल यांची तुलना होत नाही.

तिसरी पायरी: आतली बांधणी समजून घ्या

डिस्चार्ज होताना पॉझिटिव्ह प्लेटमधल्या शिशाच्या डायऑक्साइडचं लेड सल्फेट होतं आणि त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. चार्ज करताना ते पुन्हा आक्रसतं. प्रत्येक खोल सायकलला प्लेट अशी फुगते आणि बसते. फुगण्या-बसण्यात मालाच्या कणांची एकमेकांवरची पकड ढिली पडते आणि माल सुटून खाली गाळ होऊन साचतो. ट्रॅक्शन बॅटरीची सगळी रचना या एका घटनेभोवती फिरते.

ट्यूब्युलर प्लेट हा त्यावरचा एक उपाय. शिशाच्या मिश्रधातूच्या उभ्या काड्या, प्रत्येक काडीभोवती पॉलिएस्टरची विणलेली नळी, आणि नळीत ठासून भरलेला माल. माल फुगला तरी नळी त्याला धरून ठेवते. उत्तर अमेरिकेत अनेक ट्रॅक्शन बॅटऱ्या जाड सपाट प्लेटच्या असतात. त्यांत हेच काम प्लेटभोवती गुंडाळलेली काचतंतूंची चटई करते. मुद्दा मालाला आधार देण्याचा आहे, नळी हे त्याचं एक रूप झालं.

म्हणूनच ‘ट्यूब्युलर’ या एका शब्दावर भिस्त ठेवू नका. घरगुती ट्यूब्युलर बॅटरीतही नळ्या असतात आणि सपाट प्लेटच्या बॅटरीपेक्षा ती खोल डिस्चार्ज नक्कीच चांगला सोसते. पण ट्रॅक्शन सेलमध्ये प्लेटखाली गाळ साचायला खोल जागा सोडलेली असते. १,५०० सायकलचा गाळ तिथे मावला पाहिजे, नाहीतर तो वर चढून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्लेट जोडेल आणि सेल आतून शॉर्ट होईल. प्लेटच्या वरही ॲसिडचा भरपूर साठा असतो, म्हणजे पाणी उडालं तरी प्लेट उघडी पडत नाही. आणि प्रत्येक सेल दोन व्होल्टचा, सुटा, पोलादी पेटीत बसवलेला असतो. एक सेल खराब झाला तर तेवढाच काढून बदलता येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकाच डब्यात असतात, त्यामुळे एक गेला की सहाही गेले.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण डोळ्यांना ती दिसत नाही: अँटिमनी. शुद्ध शिसं मऊ असतं, म्हणून त्यात अँटिमनी मिसळतात. त्याने काडी कडक होते, शिवाय काडी आणि माल यांच्यातला जोड खोल सायकलमध्येही टिकून राहतो. अँटिमनी फार कमी केली तर माल धडधाकट असूनही त्या जोडावर अडथळा तयार होतो आणि क्षमता अकाली पडते. म्हणून ट्रॅक्शन सेलच्या पॉझिटिव्ह काड्यांत अँटिमनी सढळ हाताने असते.

पण हीच अँटिमनी हळूहळू सुटून निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसते. तिथे हायड्रोजन सुटणं सोपं होतं, पाणी जास्त उडतं आणि बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते. रोज काम करून रोज चार्ज होणाऱ्या आणि आठवड्याला पाणी मिळणाऱ्या बॅटरीला हे चालतं. महिनोन्महिने फ्लोटवर बसणाऱ्या बॅटरीला चालत नाही. म्हणून घरगुती बॅटरीत अँटिमनी कमी ठेवतात, म्हणजे पाणी चार-सहा महिन्यांनी घातलं तरी भागतं. एकाच धातूचं प्रमाण एका कामासाठी वाढवलं आणि दुसऱ्यासाठी घटवलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत.

ॲसिडच्या ग्रॅव्हिटीचंही, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ते किती दाट आहे त्या आकड्याचंही, तसंच. ठरलेल्या पेटीत जास्तीत जास्त एएच बसवायचे असल्यामुळे ट्रॅक्शन सेलमध्ये पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी १.२८० ते १.२९० असते. घरगुती ट्यूब्युलर बॅटरीत ती बहुधा १.२४० च्या आसपास ठेवतात, कारण तीव्र ॲसिडमध्ये सतत भरलेलं बसलं की काड्या लवकर गंजतात. त्यामुळे एका बॅटरीची ग्रॅव्हिटी दुसरीच्या मापाने वाचू नका. १.२४० ही घरी पूर्ण भरल्याची खूण असू शकते, ट्रॅक्शन सेलमध्ये मात्र ती अर्धवट चार्जिंगची तक्रार आहे. वाढीव ग्रॅव्हिटी मिळावी म्हणून घरगुती बॅटरीत वरून ॲसिड ओतणं तर कधीच करू नये.

चौथी पायरी: चार्जर जुळतो का ते पाहा

बांधणीइतकाच फरक चार्जिंगमध्ये आहे, आणि चुकीच्या जोडणीत बॅटरी बहुधा इथेच मरते.

ट्रॅक्शन चार्जर सुरुवातीला दर १०० एएचला १६ ते २० अँपिअर देतो. सेलचं व्होल्टेज २.४० पर्यंत चढलं की गॅस सुटायला लागतो. तिथून चार्जर करंट उतरवत नेतो आणि शेवटी दर १०० एएचला चार-पाच अँपिअरवर सेलला २.६ ते २.७ व्होल्टपर्यंत नेतो. बुडबुडे येतात आणि ते यायलाच हवेत. चार्ज होताना प्लेटमधून निघणारं जड ॲसिड तळाला बसतं. बुडबुड्यांनी ते ढवळलं गेलं नाही तर वर पातळ आणि खाली तीव्र असे थर पडतात आणि प्लेटचा खालचा भाग सल्फेट होऊन कडक होतो. म्हणून काढलेल्या एएचपेक्षा सुमारे १५ ते २० टक्के जास्त परत घालतात.

या जादा चार्जची किंमत पाण्यात मोजता येते. पूर्ण भरलेल्या सेलमधून एक अँपिअर-अवर गेला की ०.३३६ ग्रॅम पाणी फुटतं. आपल्या फोर्कलिफ्टमध्ये ४२० चे १५ टक्के म्हणजे ६३ एएच जादा. प्रत्येक सेलमधून २१ ग्रॅम, चोवीस सेल मिळून रोज अर्धा लिटर. त्याच वेळी ६०० लिटरपेक्षा जास्त हायड्रोजन हवेत जातो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो, म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी लागते आणि चार्ज होत असताना पेटीचं झाकण उघडं ठेवतात.

इन्व्हर्टरचा चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेतो आणि मग १३.५ ते १३.८ व्होल्टच्या फ्लोटवर सोडतो. सेलच्या हिशेबाने १४.४ म्हणजे बरोबर २.४०, गॅस सुरू होण्याचा उंबरठा. राहत्या घरात बसलेल्या बॅटरीसाठी हे शहाणपणाचं आहे. सहा ट्रॅक्शन सेल या चार्जरवर लावले तर ते १४.४ व्होल्टच्या वर कधी जातच नाहीत, आणि त्यांना तर किमान १५.६ हवेत. व्होल्टमीटर छान आकडा दाखवतो, इन्व्हर्टर ‘फुल’ म्हणतो आणि आत थर साचत राहतात. ओळखायचं हायड्रोमीटरने: पूर्ण चार्जनंतर वरच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी दर महिन्याला थोडी कमी येते आणि सेलसेलमधला फरक वाढत जातो.

पाचवी पायरी: सोळा बॅटऱ्यांचा हिशेब शेवटपर्यंत नेऊ

पहिल्या आठवड्यात गाडी चालते, आणि म्हणूनच हा प्रयोग फसवा आहे. चार ओळींना ३०० अँपिअर सारखे वाटले गेले तर प्रत्येकीला ७५ येतात, तेवढे त्या झेपवतात. पण करंट सारखा वाटला जात नाही. केबलच्या लांबीतला आणि लग घट्ट बसण्यातला जरासा फरकही पुरतो. एक ओळ जास्त काम करते, जास्त तापते, लवकर दमते, मग तिचा भार बाकीच्या तिघींवर येतो.

८७ टक्के खोली रोजची आहे, म्हणून क्षमता दहा टक्के घटली की ४२० एएचची शिफ्ट जवळजवळ पूर्ण बँक पिळून काढते. त्याच्या पुढे दिवसाच्या शेवटी सगळ्यात अशक्त सेल शून्याखाली जातो आणि बाकीचे सेल त्याला उलटा चार्ज करतात. असा सेल फार दिवस तग धरत नाही. पाणी एकूण तेवढंच, रोज अर्धा लिटर. पण आता ते २४ ऐवजी ९६ सेलमध्ये वाटून घालायचं आहे. घरी त्याच बॅटरीतून एका सेलमागे वर्षाला सायकलिंगमुळे सुमारे ४०० ग्रॅम पाणी जातं, इथे दीड किलोच्या वर. डोक्यावरचा ॲसिडचा साठा त्यासाठी बनवलेलाच नाही. त्यात गाडीचे हादरे, जे घरच्या बॅटरीला आयुष्यात लागत नाहीत.

बिघाड जवळ आल्याच्या खुणा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. माल उचलताना गाडी एकदम मंदावते, चार्जर लवकर ‘पूर्ण’ दाखवतो, एखादी बॅटरी शेजारणींपेक्षा हाताला जास्त गरम लागते. असं दिसलं की लोड चालू असताना प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. लोड नसताना घेतलेलं व्होल्टेज या कामी निरुपयोगी आहे.

एक ओळ आणखी वाढवून वीस बॅटऱ्या घेतल्या तर खोली ७० टक्क्यांवर येईल, पण ओळींतली असमानता, पाणी घालायची छिद्रं आणि मालाची झीज तशीच राहील. शिवाय फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हे मागचं वजनही असतं. गाडीच्या पाटीवर बॅटरीचं किमान आणि कमाल वजन छापलेलं असतं. पेटी त्या मर्यादेत बसली नाही, किंवा आत बॅटऱ्या सरकत असल्या, तर प्रश्न आयुष्याचा न राहता गाडी उलटण्याचा होतो. म्हणून मी हा पर्याय स्वस्तातही सुचवणार नाही.

देखभालीची मापं

ट्रॅक्शन बॅटरीला दिवसाचे तीन भाग द्या: आठ तास काम, आठ तास चार्ज, आठ तास थंड होण्यासाठी. डिस्टिल्ड वॉटर चार्ज पूर्ण झाल्यावर घाला. आधी घातलं तर गॅसिंगच्या वेळी ॲसिड वर येऊन पेटीत सांडतं. प्लेट उघडी दिसत असेल तेव्हाच, ती झाकेल इतकंच पाणी चार्जच्या आधी घालावं. एक सेल ‘पायलट’ ठरवा आणि त्याची ग्रॅव्हिटी आठवड्याला नोंदवा. शिफ्ट संपताना ती १.१४० च्या खाली जात असेल तर बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त उतरते आहे. तपमानामुळे वाचन बदलतं, दर अंशाला सुमारे ०.०००७, म्हणून गरम सेलचं वाचन थेट वापरू नका. चार्जिंगमध्ये ॲसिड ४५ अंशांच्या पुढे जात असेल तर चार्जर किंवा हवा, दोहोंपैकी काहीतरी चुकतं आहे.

घरगुती बॅटरीला वेगळी काळजी लागते. दर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी आणि फ्लोट व्होल्टेज पाहा. फ्लोट सतत १३.८ च्या वर असेल तर पाणी पटापट उडेल आणि काड्या गंजतील, १३.३ च्या खाली असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. वीज क्वचितच जात असेल तर काही महिन्यांतून एकदा मुद्दाम लोडवर चालवून पुन्हा पूर्ण भरा. बॅटरीची खरी क्षमताही त्यातूनच कळते.

उलटी जोडणी

शेवटी उरतो तो लोकांचा आवडता उलटा विचार: फोर्कलिफ्टमधून काढलेले मजबूत ट्रॅक्शन सेल घरच्या इन्व्हर्टरला लावले तर? होऊ शकतं, पण तीन अटींवर. सेलची क्षमता खरोखर मोजलेली हवी, म्हणजे पाच तासांच्या दराने १.७० व्होल्टपर्यंत उतरवून. चार्जर मोठा हवा, कारण ६२५ एएचच्या बँकेला १५ अँपिअरने भरायला दोन दिवस लागतात. आणि महिन्यातून एकदा वेगळ्या चार्जरने, इन्व्हर्टर सोडवून ठेवून, सेलला २.६५ व्होल्टपर्यंत नेण्याची सोय हवी, कारण १५.९ व्होल्ट इन्व्हर्टरला सोसत नाहीत. ते करताना खोलीला बाहेर उघडणारी खिडकी असली पाहिजे आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. झोपायच्या खोलीशेजारी ही बँक ठेवू नका. जुन्या सेलमधली अँटिमनी निगेटिव्हवर पोचलेली असते, म्हणून फ्लोटवर ते अपेक्षेपेक्षा जास्त करंट खातील आणि पाणी महिन्याला मागतील. त्याची तयारी नसेल तर घरासाठी साधी घरगुती ट्यूब्युलर बॅटरीच घ्या.